खरेदीच्या भावावरचा स्टॉप

‘फुकटचा सौदा’ हे शब्द कुणी उच्चारले की आजही माझं डोकं सणकतं. नव्वदच्या दशकातली मधली काही वर्षं मी सुरतेत, रिंग रोडवरच्या एका सबब्रोकरच्या ऑफिसात टर्मिनलवर बसत होते आणि हे शब्द मी रोज ऐकले. बोलणारा शेठ असायचा, ऐकणारे आमच्या लिंबायतचे, गोडादऱ्याचे लूमवाले असायचे, आणि बोटं माझी चालायची. शेअरबाजारात फुकट काही नसतं. ज्याला फुकट वाटतं त्याच्या खिशातून पैसे गेलेले असतात, त्याला अजून कळलेलं नसतं एवढंच.

ऑफिस म्हणजे कापड मार्केटच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. गच्चीवर डिशची छत्री, खोलीत दोन टर्मिनल, एक शेठसाठी काचेची केबिन आणि भिंतीला लागून एक लांब बाकडं. मी बारावीनंतर कॉम्प्युटरचा क्लास केला होता, गुजराती घडाघडा बोलत होते, म्हणून नोकरी लागली. सगळे मला बेन म्हणत. सकाळी दहाला बाजार उघडायचा तेव्हा त्या बाकड्यावर रात्रपाळी करून आलेले कारागीर बसलेले असत. केसांत, भुवयांत सुताचा भुगा, डोळे लाल. लूमच्या खडखडाटात बारा तास काढल्यामुळे सगळे जरा ओरडूनच बोलायचे. त्यांच्यातच माझे आबाही असायचे.

आबा अमळनेरकडून सुरतेला आले तेव्हा मी मांडीवर होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या लूमवर उभे राहिले. डावा कान जवळजवळ गेलेला होता. त्यांची एकच इच्छा होती, सेकंडहँड का होईना, स्वतःचे चार लूम घ्यायचे आणि रात्रपाळी सोडायची. त्यासाठी साठवलेली रक्कम लूमच्या किमतीला थोडी कमी पडत होती, आणि ती थोडी भर बाजारातून निघेल असं त्यांना वाटलं. मुलगी त्याच ऑफिसात बसते म्हटल्यावर त्यांना धीर आला असावा. मी नको म्हटलं होतं. माझं कोण ऐकतं! शेवटी एवढंच ठरलं की प्रत्येक सौद्याला स्टॉप लावायचाच. म्हणजे शेअर घेतला की त्याखाली एक भाव सांगून ठेवायचा. बाजार तिथवर घसरला तर मशीन आपोआप विकून टाकणार आणि नुकसान तेवढ्यावर थांबणार. मूळ रक्कम शाबूत राहिली पाहिजे, नाहीतर लूमही नाहीत आणि म्हातारपणही नाही, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

आता शेठचा नियम सांगते. त्या ऑफिसात शेअर घेतला आणि तो दोन-अडीच रुपये वर गेला की शेठ केबिनमधून ओरडायचा, “बेन, कॉस्ट टू कॉस्ट करी नाख! हवे मफतनो सोदो!” म्हणजे खालचा स्टॉप उचलून थेट खरेदीच्या भावावर आणून ठेव, आता हा फुकटचा सौदा. वर गेला तर फायदा, खाली आला तर जेवढ्याला घेतला तेवढ्यालाच विकला जाईल, मग भीती कसली? बाकड्यावरचे सगळे माना डोलवायचे. त्यांना हे पटायचं कारण त्यांना झोप हवी होती. रात्रभर उभं राहून आलेला माणूस साडेतीनपर्यंत स्क्रीनसमोर कसा बसणार? स्टॉप खरेदीच्या भावावर आला की ते चहाचा शेवटचा घोट घेऊन उठायचे आणि घरी जाऊन निवांत झोपायचे. मुंबईचे मोठे ट्रेडर स्टॉप लावतात ते भांडवलासाठी. आमचे लोक तो झोपेसाठी लावत होते. एकाही ट्रेडरने केली नसेल अशी चूक आमच्या बाकड्यावर रोज सकाळी व्हायची.

एका बुधवारी आबांनी एक केमिकलचा शेअर चौऱ्याऐंशीला घेतला. आमच्या एक्स्चेंजचा हिशोब तेव्हा बुधवारी सुरू होऊन मंगळवारी संपायचा. मधल्या दिवसांत घेतलेलं मधेच विकलं तर फक्त फरक द्यायचा-घ्यायचा, मंगळवारनंतर उरलं तर पूर्ण पैसे भरून शेअर उचलायचे. आबांचा स्टॉप आम्ही एकोणऐंशीला लावला. मागच्या आठवड्यात तो शेअर दोनदा ऐंशीपर्यंत येऊन तिथूनच वर वळला होता, म्हणून त्याच्या एक रुपया खाली. बरोबर जागा होती ती. ऐंशी तुटलं तर आपण चुकलो असं समजायचं, तोवर नाही.

अकरा वाजता भाव साडेशहाऐंशी झाला. केबिनमधून आरोळी आली. आबांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचे डोळे मिटत होते. मी हळूच म्हटलं, “आबा, राहू द्या खालीच.”

“कर वं बाई वर,” आबा म्हणाले. “घोर लाईसन कसा झोपू मी?”

मी स्टॉप चौऱ्याऐंशीवर आणला. आबा घरी गेले. दीड वाजता भाव साडेत्र्याऐंशीला आला, आबांचे शेअर विकले गेले, आणि बाजार बंद होताना तोच शेअर सत्त्याऐंशीला होता. मी स्क्रीनकडे बघत बसले. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

संध्याकाळी आबा पाळीवर जायच्या आधी जेवत होते. मी सांगितलं. त्यांनी घास तसाच धरून ठेवला.

“पैसा ते वाचना ना?” ते म्हणाले.

“नाही वाचले. घेताना दलाली, विकताना दलाली. चौऱ्याऐंशीला घेऊन चौऱ्याऐंशीला विकलं म्हणजे दोन्हीकडची दलाली खिशातून गेली.”

“मंग शेठ मफत कसाले म्हणस?”

“त्याला मफत पडतं म्हणून. दोन्हीकडची दलाली त्याच्याच खिशात जाते.”

दुसऱ्या दिवशी आबांनी तोच शेअर अठ्ठ्याऐंशीला घेतला, म्हणजे चार रुपये महाग. तो नव्वदच्या वर गेला, शेठ ओरडला, स्टॉप अठ्ठ्याऐंशीवर आला, दुपारी तिथेच विकला गेला आणि शेअर पुन्हा वर निघून गेला. शुक्रवारी तिसऱ्यांदा तेच. मंगळवारी हिशोब संपला तेव्हा भाव अठ्ठ्याण्णव होता. आमचा पहिला एकोणऐंशीचा स्टॉप आठवडाभर कुणी शिवलाही नव्हता. काही न करता बसले असते तर आबांना चौदा रुपये मिळाले असते. तीन वेळा सावधगिरी करून त्यांच्या पदरात फक्त दलालीचं बिल पडलं.

बाकड्यावर एकच चर्चा होती, कोणीतरी मोठा ऑपरेटर आमचे स्टॉप बघतो, भाव पाडतो आणि आमचा माल खातो. मला हसावं की रडावं कळेना. अरे, स्टॉप चालू होईपर्यंत तो बाजाराला दिसतच नाही! आणि तुमच्या शे-दोनशे शेअरसाठी कोण मुंबईहून कंबर कसून बसलंय? मी गुजराती पेपरातलं भावांचं पान काढून महिन्याभराचे वरचे-खालचे भाव आबांच्या पुढ्यात ठेवले. तो शेअर रोज चार रुपये खालीवर व्हायचा. काही कारण नसताना, नुसता आपला श्वास घेतल्यासारखा. आणि आपण स्टॉप भावाच्या अडीच रुपये खाली आणून ठेवत होतो. त्याला मारायला ऑपरेटर कशाला हवा? तो शेअर दुपारी सहज फिरायला निघाला तरी आपल्या स्टॉपवरूनच जाणार.

“आबा, आपण किती रुपयांना घेतला हे बाजाराला माहीत आहे का?” मी विचारलं.

“नही.”

“मग तो आपल्या भावाला मान का देईल? चौऱ्याऐंशी हा आकडा फक्त आपल्या डोक्यात आहे. बाजाराच्या लेखी तिथे काहीच नाही. जिथे भाव खरंच अडतो त्याच्या खाली स्टॉप पाहिजे. आणि वर उचलायचा तर भावाने वर एक नवीन तळ करू दे, तिथून पुन्हा वळू दे, मग. तेव्हा खरेदीचा भाव त्या तळाच्या खाली सुरक्षित राहतो. नुसते दोन रुपये वर गेला म्हणून नाही.”

आबांनी ऐकलं. ऐकलं म्हणजे त्यांना ऐकू आलं. पण त्यांच्या मनात उतरलं ते वेगळंच. पुढच्या आठवड्यापासून ते म्हणायला लागले की स्टॉप जागचा हलवायचाच नाही, काही झालं तरी नाही. मी काय सांगितलं आणि यांनी काय उचललं! आधी दोन रुपयांना हलवायचे, आता स्वतः देव खाली उतरला तरी हलवणार नाहीत. मला एवढा राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. माणसाला मार बसला की तो शहाणा होतो असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या बाकड्यावर एक महिना बसवायला हवं होतं. तिथे मार बसला की माणूस फक्त कूस बदलायचा.

पुढच्याच एका बुधवारी त्यांनी सूतगिरणीचा एक शेअर बासष्टला घेतला, आणि या वेळी नेहमीपेक्षा जास्त घेतला. जवळजवळ सगळी जमा त्यात गेली होती. विश्वास वाटला म्हणाले. सूत आपल्याला कळतं म्हणाले. स्टॉप एकोणसाठला. मी पान काढून पाहिलं, हा शेअर दिवसाला दोन-अडीच रुपये हलायचा, म्हणजे जागा ठीक होती. गुरुवारी तो सदुसष्टपर्यंत गेला, दुपारी साडेचौसष्टला आला. शुक्रवारी सकाळी पुन्हा साडेचौसष्टला टेकला आणि तिथून असा वळला की साडेअडुसष्ट झाला. दोनदा एकाच जागी येऊन वर वळला होता. नवीन तळ म्हणतात तो हाच. आता बासष्टचा भाव त्या तळाच्याही अडीच रुपये खाली होता. रोजच्या हालचालीत तिथवर येण्याचं काही कारण नव्हतं. आला तर काहीतरी बिघडलंय म्हणूनच येणार. आणि मधे शनिवार-रविवार होते.

शुक्रवारी आबा बाजार बंद व्हायच्या वेळी आले होते, झोपमोड करून. मी म्हटलं, “आबा, सोमवारी मी स्टॉप बासष्टवर लावते.”

त्यांचा आवाज एवढा चढला की शेठ केबिनमधून बाहेर डोकावला. “तूच म्हने हलाडू नको! आते तूच हलाडी ऱ्हायनी? माले येडा समजस का?”

“तेव्हा खरेदीचा भाव शेअरच्या रोजच्या श्वासाच्या आत होता. आता बाहेर आहे.”

“माले शिकाडू नको!”

रविवारी सगळा दिवस आमच्या घरात भांडण चाललं. आईने दोन वेळा वाढलं आणि दोन्ही वेळा ताटं तशीच राहिली. मी त्यांना चुलीजवळच्या फरशीवर खडूने भाव काढून दाखवला, हा तळ, हा पुन्हा तोच तळ, ही आपली खरेदी, मधली ही मोकळी जागा. तीन आठवड्यांपूर्वी ही जागा नव्हती म्हणून मार खाल्ला, आज आहे म्हणून स्टॉप वर आणायचा. एकच काम, पण तेव्हा चूक आणि आज बरोबर. हे कळायला फार बुद्धी लागते का? लूमवर ताणा किती ओढायचा हे ज्या माणसाला बोटाच्या टोकाने कळतं, त्याला हे का कळू नये? मला वाटतं कळत होतं. पण कळलं म्हटलं असतं तर मुलीचं ऐकलं असं झालं असतं.

सोमवारी सकाळी पाळीवरून आले ते बाकड्यावर बसलेही नाहीत. दारातूनच म्हणाले, “तुन्हा मनमा ई ते कर. मी झोपस घर जाईसन.”

मी बासष्टचा ट्रिगर, म्हणजे विक्री जिथे चालू होणार तो भाव, लावला आणि विकायची मर्यादा मुद्दाम साठपर्यंत खाली ठेवली, म्हणजे भाव घाईत घसरला तरी कुणीतरी घेणारा मिळेल. ट्रिगर आणि मर्यादा अगदी चिकटवून ठेवली की भाव उडी मारून पुढे जातो आणि आपली ऑर्डर तिथेच लटकून राहते. हेही बाकड्यावर कुणाला माहीत नव्हतं.

बाजार उघडला तेव्हा भाव सदुसष्ट. अकराला पासष्ट. साडेअकराला साडेचौसष्टचा तळ तुटला आणि मग कुणी खाली खेचल्यासारखा तो घसरत गेला. दुपारी बासष्टला लागला, आमचे शेअर एकसष्ट ऐंशीच्या आसपास विकले गेले. बंद एकसष्टला.

संध्याकाळी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी ताट सरकवलं. बासष्टला घेतलं आणि वीस पैसे सोडले तर बासष्टलाच गेलं. अडुसष्ट डोळ्यांनी पाहिले होते. “दोन्ही सारखंच शे,” ते म्हणाले. “तेव्हा बी भावले भाव, आते बी भावले भाव. मंग तू काय निराळं कयं?”

त्यांचं चुकतही नव्हतं, हाच तर माझा संताप होता. बिलावर दोन्ही सौदे अगदी एकसारखे दिसत होते. इतकं घेतलं, इतकंच विकलं, दलाली वजा. उगाच बाहेर फेकला गेलेला सौदा आणि वाचलेला सौदा यांच्यात कागदावर काडीचा फरक नसतो. फरक नंतर कळतो, आणि नंतर बघायला कुणी थांबत नाही. आबा रागाने डबा न घेताच पाळीवर गेले.

त्याच रात्री त्या गिरणीत टाळेबंदीची नोटीस लागली. मंगळवारी पेपरात बातमी होती. बाजार उघडला तो थेट एक्स्चेंज त्या दिवशी उतरू देईल त्या सर्वांत खालच्या भावाला, आणि तिथे फक्त विकणारे होते, घेणारा एकही नाही. ज्यांचे स्टॉप एकोणसाठला होते त्यांचे स्टॉप चालू झाले आणि विक्रीच्या रांगेत जाऊन पडले. माल घेणारच कोणी नव्हता. आमचा जुना स्टॉप हलवला नसता तर आम्हीही त्याच रांगेत असतो. हिशोबाचा शेवटचा दिवस, म्हणजे न विकलेला माल पूर्ण पैसे भरून उचलायचा. बाकड्यावरच्या दोघांना तो उचलावा लागला. ते गिरणीचे कागद त्यांच्या घरात कितीतरी वर्षं पडून होते. पुढचे काही दिवस रोज तेच चाललं, सकाळी खालचा भाव, फक्त विकणारे. आबांची रक्कम मात्र जशीच्या तशी होती. दलाली सोडून.

मी वाट पाहिली. आबा काहीतरी म्हणतील असं मला वाटत होतं. एखादा शब्द. त्यांनी बाजार सोडला, राहिलेली भर गावच्या एका नातेवाइकाकडून उचलली, आणि दोन महिन्यांत गोडादऱ्याला एका शेडमध्ये चार जुने लूम लागले. रात्रपाळी सुटली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी आबा दुपारी बारा वाजता, भर उजेडात, अंघोळ करून घरी बसलेले पाहून माझे डोळे भरून आले होते.

चार दिवसांनी ते ऑफिसात आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. मी खुर्चीवरून उठले. ते माझ्यासमोरून केबिनकडे गेले, शेठच्या टेबलावर बॉक्स ठेवला आणि सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल अशा मोठ्याने म्हणाले, “शेठ, तमारा कॉस्ट टू कॉस्टे मने बचावी लीधो.”

शेठ बॉक्स घेऊन बाहेर आला. प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला, माझ्याही. आबांच्या खांद्यावर हात टाकून बाकड्याकडे वळला. जुओ, म्हणाला, हा पण तुमच्यासारखाच कारागीर होता, नियम पाळला, आज मालक झाला. त्या सकाळी बाकड्यावर नऊ-दहा जण होते, केसांत भुगा, डोळे लाल. आबा माझ्याकडे बघत नव्हते.

“बेन,” पहिला म्हणाला, “माझं कॉस्ट टू कॉस्ट कर.” मग दुसरा. मग सगळे.

कुणाचा सौदा दीड रुपया वर होता, कुणाचा दोन. मी एकेकाला सांगायला तोंड उघडलं, तर शेठ हसून म्हणाला, तुझ्या बापालाच विचार ना. आबा पेढा खात होते. मी एकामागून एक ऑर्डरी टाकल्या. ते सगळे हात झटकत उठले आणि घरी झोपायला गेले. तीन वाजेपर्यंत त्यांच्यातल्या सात जणांचे सौदे बाहेर फेकले गेले होते.